काचेतच परतणारा किरण

काचेच्या आतून हवेकडे निघालेला प्रकाशकिरण काचेच्या पृष्ठभागापाशी आला की त्याचे दोन वाटे होतात. एक हवेत निघून जातो, दुसरा परावर्तित होऊन काचेतच राहतो. किरण पृष्ठभागावर काटकोनात येत असेल तर परतणारा वाटा अगदी किरकोळ असतो, साध्या काचेत सुमारे ४ टक्के. किरण तिरपा येऊ लागला की बाहेर पडणारा किरण त्याहून जास्त तिरपा होतो. पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेषेला स्तंभिका म्हणतात; काचेतून हवेत येणारा किरण या स्तंभिकेपासून दूर झुकतो. काचेतला किरण स्तंभिकेशी ३०° चा कोन करत असेल, तर हवेतला किरण जवळजवळ ४९° चा कोन करतो. काचेतला कोन ४०° केला, तर हवेतला ७५° च्या आसपास जातो. आतला कोन जरासाच वाढला, पण बाहेरचा किती झपाट्याने वाढला हे इथे दिसते. अशा रीतीने लवकरच एक वेळ येते, जेव्हा बाहेरचा किरण ९०° चा कोन करून पृष्ठभागाला चाटत जातो. त्या वेळी काचेत असलेला कोन म्हणजे क्रांतिक कोन. त्यापुढे आतला कोन आणखी वाढवला तर बाहेर जायला दिशाच उरत नाही आणि सगळाच्या सगळा प्रकाश काचेत परततो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन.

योहानेस केपलरने १६११ सालच्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात काचेसाठी ही मर्यादा सुमारे ४२° सांगितली होती. तेव्हा अपवर्तनाचा अचूक नियम कुणाला ठाऊक नव्हता. विलेब्रोर्ड स्नेलने तो १६२१ च्या सुमारास शोधला आणि देकार्तने १६३७ मध्ये छापून प्रसिद्ध केला. नियम हाती आल्यावर क्रांतिक कोन काढणे एका ओळीचे काम झाले. काचेचा अपवर्तनांक n आणि क्रांतिक कोन C असेल, तर

sin C = 1/n

अपवर्तनांक १.५ धरला तर sin C ०.६६७ येतो आणि क्रांतिक कोन ४१.८°. पाण्याचा अपवर्तनांक कमी, १.३३, म्हणून त्याचा क्रांतिक कोन मोठा, जवळपास ४९°. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आणि क्रांतिक कोन जेमतेम २४.४°. अपवर्तनांक जितका जास्त, तितका प्रकाश आत अडकणे सोपे. मात्र उलट दिशेने, म्हणजे हवेतून काचेत जाताना, असे परावर्तन कधीही होत नाही. हवेतून आलेला किरण कितीही तिरपा असला तरी त्याला काचेत शिरायला वाट असतेच.

क्रांतिक कोनाचा प्रत्यक्ष परिणाम पाहायला शाळेच्या प्रयोगशाळेतला ६० अंशांचा लोलक पुरेसा आहे. त्याच्या छेदाचा त्रिकोण कागदावर आहे अशी कल्पना करावी. वरच्या कोपऱ्याला लोलकाचा कोन म्हणतात. किरण डाव्या बाजूने शिरतो, उजव्या बाजूने बाहेर पडतो आणि खाली तळ असतो. किरण शिरताना एकदा आणि निघताना एकदा असा दोनदा तळाकडे वळतो. मूळ दिशा आणि शेवटची दिशा यांमधला कोन म्हणजे विचलन. आत शिरतानाचा आपतन कोन i, बाहेर पडतानाचा निर्गत कोन e आणि लोलकाचा कोन A असेल तर विचलन i + e − A इतके असते. काचेच्या आत पहिल्या आणि दुसऱ्या बाजूशी होणाऱ्या कोनांची बेरीज नेहमी A इतकीच भरते. पुढचे सारे गणित या साध्या गोष्टीवर उभे आहे.

अपवर्तनांक १.५ असलेल्या लोलकात आतल्या दोन कोनांची बेरीज ६०° आहे. दुसऱ्या बाजूवरचा कोन ४१.८° च्या वर गेला की किरण बाहेर पडणार नाही. म्हणजे पहिल्या बाजूवरचा आतला कोन १८.२° पेक्षा कमी झाला की वाट बंद. स्नेलच्या नियमाने हा १८.२° बाहेरच्या हवेत २७.९° होतो. याचा अर्थ असा की किरण २७.९° पेक्षा कमी आपतन कोनाने, म्हणजे पहिल्या बाजूवर अधिक सरळ येऊ लागला, की तो दुसऱ्या बाजूतून बाहेर येतच नाही. सरळ आलेला किरण सहज पार जाईल असे कुणालाही वाटते. पण ६० अंशांच्या लोलकातून पार जायचे तर किरणाने तिरपेच यावे लागते.

या मर्यादेपाशी विचलन किती असते? निर्गत कोन ९०°, म्हणून विचलन २७.९ + ९० − ६०, म्हणजे ५७.९°. तिथून आपतन कोन वाढवत नेला की विचलन आधी कमी होते, ४८.६° पाशी ३७.२° इतके किमान होते आणि नंतर पुन्हा वाढत जाते. आपतन कोन ९०° झाला, की ते परत ५७.९° वर येते. किरण आला त्या वाटेने उलटा सोडला तरी मार्ग तोच राहतो, म्हणून दोन्ही टोकांना आकडा सारखा निघतो.

मर्यादेच्या खाली गेलेल्या किरणाचे काय होते, हा भाग पुस्तकांत सहसा गाळला जातो आणि खरी गंमत तिथेच आहे. दुसऱ्या बाजूवरून पूर्ण परावर्तित झालेला किरण खाली तळाकडे जातो. ६० अंशांच्या समभुज लोलकात तो तळाशी नेमका तोच कोन करतो, जो त्याने पहिल्या बाजूतून आत शिरल्यावर केला होता. त्यामुळे तो तळातून बाहेर पडतानाही मूळ आपतन कोनाइतकाच झुकून बाहेर येतो. सगळी वळणे एकत्र केली की एकूण विचलन ६०° + २i निघते. या सूत्रात अपवर्तनांक कुठेच नाही. अपवर्तनांक रंगागणिक बदलतो आणि त्यामुळेच लोलकातून पार जाणारा पांढरा प्रकाश रंगांत फुटतो. पण परावर्तित होऊन तळातून आलेल्या प्रकाशाची दिशा अपवर्तनांकावर अवलंबून नसल्यामुळे सर्व रंग समांतर बाहेर येतात आणि प्रकाश पांढराच राहतो. वर्णपट पाडणारा तोच काचेचा तुकडा थोडा फिरवला की आरशासारखा वागू लागतो.

यावरून क्रांतिक कोन मोजण्याची एक सोपी रीत मिळते. फळ्यावर पांढरा कागद लावून त्यावर लोलक आडवा ठेवायचा आणि पेन्सिलीने त्याची कड आखायची. लाल लेझर पॉइंटरचा झोत कागदाला किंचित घासत जाईल असा सोडायचा, म्हणजे त्याची रेघ कागदावर उमटते. झोत डोळ्यांत जाऊ नये याची काळजी घ्यायलाच हवी. पॉइंटर जागेवरच ठेवून लोलक हळूहळू फिरवायचा, झोत पहिल्या बाजूवर अधिकाधिक सरळ पडेल अशा बेताने. दुसऱ्या बाजूतून निघणारी रेघ त्या बाजूकडे झुकत जाते, अंधूक होते, बाजूला चिकटते आणि नाहीशी होते. त्या क्षणी लोलक थांबवून कड पुन्हा आखायची आणि कोनमापकाने झोत व पहिल्या बाजूची स्तंभिका यांतला कोन मोजायचा. समजा तो २९° भरला. मग

n² = 1 + [(sin i + cos A)/sin A]²

sin २९° म्हणजे ०.४८५, त्यात ०.५ मिळवून ०.८६६ ने भागले की १.१३७ येतात. त्याचा वर्ग १.२९३. त्यात १ मिळवून वर्गमूळ घेतले की अपवर्तनांक १.५१४ आणि त्यावरून क्रांतिक कोन ४१.३°. दुर्बिणींत आणि प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीके-७ या काचेचा लाल प्रकाशातला अपवर्तनांक हाच आहे. कोनमापक वाचताना अर्ध्या अंशाची चूक झाली, तरी क्रांतिक कोनात जेमतेम ०.२° चा फरक पडतो, म्हणून ही रीत साध्या साधनांनाही झेपते.

तरी दोन ठिकाणी फसगत होते. मर्यादेजवळ बाहेर जाणारा प्रकाश एकदम तुटत नाही, क्षीण होत जातो. नजर त्याला खऱ्या मर्यादेच्या आधीच गेला असे समजते. मग मोजलेला कोन जास्त आणि काढलेला क्रांतिक कोन कमी येतो. यावर उपाय म्हणजे मावळणाऱ्या रेघेऐवजी तळाकडे जाणाऱ्या रेघेवर लक्ष ठेवणे. मर्यादा ओलांडली की ती स्पष्टपणे उजळते. शाळेतल्या पुष्कळ लोलकांचा तळ घासून धुरकट केलेला असतो. त्यातून रेघ बाहेर येत नाही, पण तळावर उजळ ठिपका उमटतो आणि तोही तितकाच कामाचा आहे. दुसरी फसगत दिशेची. झोत स्तंभिकेच्या तळाकडच्या अंगाने यायला हवा. तो वरच्या कोपऱ्याच्या अंगाने आला तर दुसऱ्या बाजूवरचा आतला कोन नेहमीच ६०° च्या वर राहतो आणि लोलक कितीही फिरवला तरी निर्गत किरण दिसत नाही.

लेझरऐवजी पांढरा प्रकाश घेतला तर मर्यादा एकाच वेळी येत नाही. बीके-७ काचेचा क्रांतिक कोन लाल रंगासाठी ४१.३°, तर जांभळ्यासाठी ४०.९° आहे. लोलक फिरत असताना आधी जांभळा अडकतो, मग निळा, हिरवा आणि सर्वांत शेवटी लाल. न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये काटकोनी लोलकावर केलेला असा प्रयोग दिला आहे. परावर्तित प्रकाश दुसऱ्या लोलकातून पाहताना त्याला जांभळा भाग सर्वांत आधी उजळताना दिसला. जो रंग अधिक वळतो तोच आधी परावर्तित होतो, हे त्याने यातून दाखवले. रंग पांढऱ्या प्रकाशात मुळातच असतात, या त्याच्या म्हणण्याला हा मोठा आधार होता.

उपकरणांत ६० अंशांच्या लोलकापेक्षा काटकोनी लोलक अधिक वापरतात. त्याचे कोन ४५°, ९०° आणि ४५°. किरण काटकोनाच्या एका बाजूतून सरळ आत गेला, की तो लांब बाजूवर, म्हणजे कर्णावर, ४५° च्या कोनाने पोचतो. ४५° हे ४१.८° पेक्षा जास्त असल्यामुळे तो पूर्ण परावर्तित होऊन दुसऱ्या बाजूतून सरळ बाहेर पडतो, विचलन ९०°. तोच लोलक फिरवून किरण कर्णातून आत सोडला, तर तो काटकोनाच्या दोन्ही बाजूंवरून एकेकदा परततो आणि आला त्याच दिशेला उलटा जातो, विचलन १८०°. चांदीच्या मुलाम्याचा आरसा थोडा प्रकाश शोषतो आणि वर्षे गेली की काळवंडतो. लोलकाच्या आतल्या परावर्तनात शोषण होत नाही आणि काळवंडायला मुलामाही नसतो. मात्र काचेचा अपवर्तनांक १.४१४ पेक्षा जास्त असायला हवा, नाहीतर क्रांतिक कोन ४५° च्या वर जातो. नेहमीच्या सगळ्या काचा ही अट पुरी करतात.

अट पुरी होते ती बाहेर हवा असताना. परावर्तन करणाऱ्या बाजूवर पाण्याचा थेंब पडला, तर तिथे काच आणि हवा यांची सीमा राहत नाही, काच आणि पाणी यांची होते. तिचा क्रांतिक कोन १.३३ भागिले १.५ यावरून काढला की ६२.५° येतो. ४५° ने आलेला किरण त्या जागी सरळ पाण्यात निसटतो आणि तिथे काळा डाग दिसतो. बोट टेकवले तरी हेच होते. पण बोटाच्या त्वचेवर उंचवटे आणि खाचा असतात. उंचवटे काचेला चिकटतात, खाचांमध्ये हवा राहते. म्हणून उंचवट्यांच्या जागी प्रकाश निसटतो, खाचांच्या जागी परततो आणि समोरून पाहणाऱ्याला ठशाच्या रेघा ठसठशीत दिसतात. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्रांपैकी प्रकाशावर चालणाऱ्या पुष्कळ यंत्रांत काचेखाली असाच लोलक असतो. पाणी भरलेला काचेचा पेला हातात धरून वरून पाण्यातून तिरपे आत पाहिले, तर बोटांचे ठसे याच कारणाने उठून दिसतात. त्वचा काचेला नुसती जवळ असून भागत नाही. अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीइतके, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी व्हावे लागते. परावर्तनाच्या वेळी प्रकाशाचा परिणाम काचेबाहेर तेवढाच पोचतो. म्हणूनच दुर्बिणीत लोलक बसवताना त्याच्या परावर्तक बाजूला गोंद किंवा धातू टेकू न देणे हे कारागिराचे काम असते.

लोलकी दुर्बिणीत या सगळ्याची कसोटी लागते. दुर्बिणीच्या पुढच्या भिंगातून उलटी प्रतिमा मिळते. ती सुलटी करण्यासाठी इग्नात्सिओ पोरो या इटालियन संशोधकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत प्रत्येक नळीत दोन काटकोनी लोलक एकमेकांना आडवे बसवतात. प्रत्येक लोलक किरणाला १८०° वळवतो, म्हणजे एकूण चार परावर्तने होतात. दुर्बिणीच्या मधल्या अक्षावरचा किरण प्रत्येक वेळी ४५° नेच परततो, त्याला काही अडचण नाही. पण पुढच्या भिंगातून प्रकाश एका शंकूच्या आकारात आत येतो. भिंगाच्या व्यासाच्या चौपट नाभीय अंतर असेल, तर शंकूच्या कडेचे किरण अक्षाशी ७.१° चा कोन करतात. काचेत शिरताना तो ४.७° होतो. आता लोलकाच्या एका बाजूवर कडेचा किरण ४५ + ४.७ अंशांनी पोचतो, तर दुसऱ्या बाजूवर ४५ − ४.७, म्हणजे ४०.३° नी. बीके-७ काचेचा क्रांतिक कोन पिवळ्या प्रकाशात ४१.२° आहे. किरणाला जेमतेम ०.९° कमी पडले.

०.९° ची किंमत मोठी आहे. त्या कोनाला प्रकाशाचा साधारण एक तृतीयांश भागच परततो, बाकीचा लोलकाबाहेर निघून जातो. बीके-७ मध्ये पूर्ण परावर्तन हवे असेल, तर हवेतला कोन ५.७° च्या आत राहायला हवा. त्याऐवजी बीएके-४ ही बेरियमयुक्त काच वापरली, तर अपवर्तनांक १.५६९, क्रांतिक कोन ३९.६° आणि हवेतली मुभा ८.५° पर्यंत वाढते. मग ७.१° चा किरण निर्धोक परततो. चांगल्या दुर्बिणीवर या काचेचे नाव ठळकपणे कोरलेले असते ते याच कारणाने.

काच कोणती आहे हे दुर्बीण न उघडताही ओळखता येते. दुर्बीण हातभर दूर धरून उजळ आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे रोखायची आणि डोळ्याकडच्या भिंगात पाहायचे. तिथे प्रकाशाची एक छोटी चकती दिसते. ती स्वच्छ गोल असेल, तर कडेचे किरण पोचत आहेत. चकतीच्या कडा चारही अंगांनी कापल्यासारख्या करड्या-निळसर दिसत असतील आणि मधला उजळ भाग चौकोनी वाटत असेल, तर लोलकाची काच कमी अपवर्तनांकाची आहे. चौकोनच का, याचेही उत्तर वरच्या गणितात आहे. एका लोलकाच्या दोन बाजू शंकूच्या दोन विरुद्ध कडांवर कमी पडतात आणि आडवा बसवलेला दुसरा लोलक उरलेल्या दोन कडांवर. कापलेल्या कडा पूर्ण काळ्या न होता करड्या राहतात, कारण तिथून थोडा प्रकाश परततोच. आणि निळसर दिसतात, कारण निळ्याचा क्रांतिक कोन लहान असल्याने तो लालपेक्षा जास्त टिकतो.

कापलेली चकती दिसली म्हणजे दुर्बीण टाकाऊ, असे मात्र नाही. भर दिवसा डोळ्याची बाहुली लहान असते आणि चकतीचा मधला भागच डोळ्यात जातो, म्हणून कडेची तूट कळत नाही. बाहुली रुंदावते ती रात्री. तारे पाहायला घेतलेल्या दुर्बिणीत मग या कडांचा प्रकाश खरोखर गमावला जातो. नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेल्या दुर्बिणीत कडेचा कोनच ५.७° चा असतो, त्यामुळे तिच्या मधोमध दिसणाऱ्या दृश्यापुरती बीके-७ काचही पुरते.

हाच हिशेब सरळ नळीच्या दुर्बिणींना मात्र लागू होत नाही. त्यांत छपरासारख्या कडेचे लोलक असतात आणि त्यांच्या एका प्रचलित रचनेत, श्मिट-पेखान लोलकात, एका बाजूवर अक्षावरचा किरणच क्रांतिक कोनापेक्षा कमी कोनाने येतो. तिथे काच कोणतीही घेतली तरी पूर्ण परावर्तन होत नाही. त्या बाजूला धातूचा किंवा अनेक पातळ थरांचा परावर्तक मुलामा द्यावाच लागतो.